समांतर पट्ट्यांतून वाकलेला इलेक्ट्रॉन झोत पडद्यावर नेमका कुठे पडतो?

इलेक्ट्रॉन गनमधून सुटलेला झोत दोन समांतर पट्ट्यांमधून जातो. एक पट्टी धन, दुसरी ऋण. झोत धन पट्टीकडे वाकतो, पट्ट्यांबाहेर पडतो आणि पुढे काही अंतरावर ठेवलेल्या पडद्यावर ठिपका उमटवतो. हा ठिपका मूळ जागेपासून किती सरकेल, हे आपल्याला काढायचं आहे.

या प्रवासाचे दोन तुकडे आहेत. पट्ट्यांच्या आत बल सतत लागतं, म्हणून मार्ग अन्वस्त. पट्ट्यांबाहेर बल नाही, म्हणून मार्ग सरळ रेषा. दोन्ही तुकडे सुटे सुटे घेतले तर अगदी सोपे आहेत. नवख्या माणसाचं उत्तर बिघडतं ते त्यांच्या सांध्यावर, म्हणजे झोत पट्ट्यांमधून बाहेर पडतो त्या ठिकाणी. म्हणून या सांध्यावर आपण जरा जास्त थांबणार आहोत.

आधी मापं लिहून घ्या

आकृती काढून पाच राशी तिच्यावर लिहा. कुठलं अंतर कुठून मोजलं आहे, हे बाण काढून दाखवा. आपण पुढे हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरू:

- इलेक्ट्रॉनला वेग देणारं व्होल्टेज, Va = २००० व्होल्ट (कॅथोड आणि शेवटचा ॲनोड यांच्यामध्ये)
- पट्ट्यांमधलं व्होल्टेज, V = ८० व्होल्ट
- पट्ट्यांची लांबी, झोताच्या दिशेने, l = ४ सेंमी
- दोन पट्ट्यांमधलं अंतर, d = १ सेंमी
- पट्ट्यांच्या बाहेरच्या टोकापासून पडद्यापर्यंतचं अंतर, L = १८ सेंमी

दोन व्होल्टेज आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. Va इलेक्ट्रॉनला पुढे ढकलतं, V त्याला बाजूला खेचतं. V हे Va च्या जागी टाकलं की उत्तर पंचवीस पटींनी चुकतं, त्यामुळे ती चूक निदान लपत तरी नाही. l आणि d ची अदलाबदल मात्र सहज होते आणि चटकन दिसत नाही. लांबी झोताच्या दिशेने, अंतर झोताला आडवं, एवढं पक्कं असू द्या.

सगळी लांबी मीटरमध्ये बदला: ०.०४, ०.०१, ०.१८.

पुढे जाण्याचा वेग

गनमध्ये इलेक्ट्रॉनने Va इतकं विभवांतर पार केलं, म्हणून त्याची गतिज ऊर्जा eVa झाली:

```
(1/2) m v^2 = e Va
v = sqrt(2 e Va / m)
```

e = १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम आणि m = ९.१०९ × १०⁻³¹ किग्रॅ घातले की v = २.६५ × १०⁷ मीटर प्रति सेकंद येतो. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ९ टक्के. पट्ट्यांमधलं क्षेत्र या दिशेला काटकोनात आहे, त्यामुळे हा पुढचा वेग पट्ट्यांमध्ये बदलत नाही आणि नंतरही तोच राहतो. पट्ट्या पार करायला लागणारा वेळ l/v, म्हणजे १.५१ × १०⁻⁹ सेकंद, साधारण दीड नॅनोसेकंद.

पट्ट्यांच्या आत

क्षेत्र E = V/d = ८० ÷ ०.०१ = ८००० व्होल्ट प्रति मीटर. त्वरण a = eE/m = १.४१ × १०¹⁵ मीटर प्रति सेकंद वर्ग. आकडा अवाढव्य वाटतो, पण तो दीड नॅनोसेकंदच टिकतो.

बाहेर पडताना आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. झोत किती सरकला आहे आणि कोणत्या दिशेने निघाला आहे.

```
y1 = (1/2) a t^2 = V l^2 / (4 d Va)
tan(θ) = vy / v = V l / (2 d Va)
```

उजवीकडची रूपं मिळवायला t = l/v आणि v² = 2eVa/m घालायचं. आपले आकडे टाका: y1 = ०.००१६ मीटर, म्हणजे १.६ मिमी. tan θ = (८० × ०.०४) ÷ (२ × ०.०१ × २०००) = ०.०८, म्हणजे कोन सुमारे ४.६ अंश. हाच कोन दुसऱ्या वाटेनेही तपासता येतो: vy = a × t = २.१२ × १०⁶, त्याला २.६५ × १०⁷ ने भागलं की ०.०८. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला तरच पुढे जा.

उजवीकडच्या रूपांमध्ये e आणि m दोन्ही नाहीत, हे पाहून पहिल्यांदा गोंधळायला होतं. पण त्यात चूक काही नाही. जितका प्रभार जास्त, तितका बाजूचा ओढा जास्त, पण गनमध्ये मिळालेली ऊर्जाही तितकीच जास्त. वस्तुमानाचंही तसंच: जड कण सावकाश जातो, म्हणून पट्ट्यांमध्ये जास्त वेळ राहतो आणि त्याच ठिकाणी वाकून पोचतो. त्यामुळे फक्त हे विचलन मोजून इलेक्ट्रॉनचा e/m काढता येत नाही, कितीही काळजीने मोजलं तरी. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली तो काढला तेव्हा त्यांना पट्ट्यांच्या जोडीला चुंबकीय क्षेत्रही वापरावं लागलं. त्यांच्या नळीतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सुमारे ५ सेंमी लांब होत्या आणि एकमेकींपासून १.५ सेंमी दूर.

इथे थांबून झोत पट्टीला धडकतो का ते बघा

झोत मधोमध आत शिरतो, म्हणून त्याला सरकायला d/2, म्हणजे ५ मिमी इतकीच जागा आहे. आपलं y1 १.६ मिमी आहे, म्हणजे झोत सुखरूप बाहेर पडतो. y1 जर ५ मिमीपेक्षा जास्त आलं असतं, तर पुढचं सगळं गणित निरर्थक ठरलं असतं, कारण इलेक्ट्रॉन पट्टीवरच आदळले असते. सूत्र मात्र हे सांगत नाही. ते निमूटपणे पडद्यावरचा आकडा देत राहतं.

y1 = d/2 ठेवून V काढलं तर आपल्या मांडणीत मर्यादा २५० व्होल्ट येते. प्रत्यक्षात झोताला जाडी असते. तो १ मिमी जाड असेल तर त्याची कड २२५ व्होल्टलाच पट्टीला घासायला लागते. पडद्यावर याची खूण अशी: V वाढवताना ठिपका सरकतो, मग एका बाजूने कापल्यासारखा मंद होतो आणि शेवटी नाहीसा होतो. तो पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेला नसतानाच नाहीसा झाला, तर झोत पट्टीवर गेला असं समजा.

पट्ट्यांच्या बाहेर

बाहेर पडल्यावर बल संपलं, आता फक्त दिशा उरली. १८ सेंमी जाताना झोत आणखी किती सरकतो?

```
y2 = L tan(θ)
```

०.१८ × ०.०८ = ०.०१४४ मीटर, म्हणजे १४.४ मिमी. एकूण y = y1 + y2 = १.६ + १४.४ = १६ मिमी. ठिपका मध्यापासून धन पट्टीच्या बाजूला १६ मिमीवर पडेल.

या दोन आकड्यांची तुलना करा. पट्ट्यांच्या आत झोत दीड मिलिमीटरच सरकला आणि बाहेर, जिथे त्याच्यावर कोणतंच बल नाही, तिथे त्याच्या नऊपट. पट्ट्यांनी झोताला फारसं हलवलं नाही, त्याला दिशा दिली. अंतराचं काम बाहेरच्या मोकळ्या प्रवासाने केलं.

सांध्यावरची खूण

y1 आणि tan θ यांची सूत्रं शेजारी ठेवली की एक नातं दिसतं: y1 = (l/2) tan θ. अर्थ असा की बाहेर पडतानाची सरळ रेषा मागे वाढवली, तर ती मूळ अक्षाला पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर छेदते. पडद्यावरून पाहिलं तर झोत जणू मध्यापर्यंत सरळ आला आणि तिथे एकाच जागी मोडला. म्हणून पडद्याचं अंतर पट्ट्यांच्या मध्यापासून मोजायचं:

```
D = L + l/2
y = D tan(θ) = V l D / (2 d Va)
```

आपल्याकडे D = १८ + २ = २० सेंमी, आणि ०.२० × ०.०८ = ०.०१६ मीटर. तेच १६ मिमी, एका ओळीत. या सूत्रात लहान कोनाचं गृहीतक कुठेही वापरलेलं नाही. सपाट पडद्यासाठी, पट्ट्यांच्या आत क्षेत्र एकसारखं आणि बाहेर शून्य असेल, तर ते तंतोतंत आहे. θ च्या जागी रेडियन घालायची गरज नाही आणि sin θ तर मुळीच नाही.

मोठ्यात मोठं विचलन किती मिळेल, तेही याच नात्यातून कळतं. झोत पट्टीच्या कडेला जेमतेम चुकवून बाहेर पडतो तेव्हा y1 = d/2, म्हणजे tan θ = d/l. पडद्यावर D × d/l = २० × १/४ = ५ सेंमी. यात Va येतच नाही. म्हणजे Va कमी करून ठिपका कमी व्होल्टेजवर दूर नेता येतो, पण या ५ सेंमीच्या पुढे नाही. त्याहून मोठं चित्र हवं असेल तर पट्ट्या आखूड करा, त्यांच्यातलं अंतर वाढवा किंवा पडदा लांब न्या. पहिल्या दोन उपायांमध्ये संवेदनशीलता घटते. कॅथोड किरण ऑसिलोस्कोपच्या नळ्यांमधल्या पट्ट्या टोकाकडे एकमेकींपासून फाकलेल्या दिसतात, त्या याच पेचातून सुटण्यासाठी: सुरुवातीला जवळ असल्याने ओढा जास्त, शेवटी फाकल्याने झोत घासत नाही.

चुकीचं उत्तर पाहून चूक ओळखा

याच उदाहरणात काही ठराविक चुकीची उत्तरं येतात आणि प्रत्येकावरून चूक कुठे झाली ते सांगता येतं.

१४.४ मिमी आलं असेल तर आतला सरक धरायचा राहिला. १७.६ आलं असेल तर तो दोनदा धरला: D मध्यापासून मोजला आणि वर y1 पुन्हा मिळवलं. एकतर y1 + L tan θ वापरा, नाहीतर D tan θ. दोन्ही पद्धती एकमेकांत मिसळू नका.

३२ मिमी म्हणजे छेदातला २ हरवला. बहुतेक वेळा गतिज ऊर्जेतला अर्धा विसरलेला असतो.

४८.४ मिमी हे सर्वांत फसवं उत्तर आहे. यात अन्वस्ताचं सूत्र पडद्यापर्यंत ओढलेलं असतं, म्हणजे l च्या जागी २२ सेंमी. झोत पट्ट्यांबाहेरही वाकत राहतो, असं नकळत गृहीत धरलं जातं. फसवं अशासाठी की आकडा ५ सेंमीच्या मर्यादेत बसतो आणि खरा वाटतो. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत अशीही नळी असते जिच्यात चौकटी आखलेला तिरका पडदा पट्ट्यांच्या आतच बसवलेला असतो आणि झोताचा सगळा वाकलेला मार्ग त्यावर दिसतो. तिथे सरळ तुकडा नसतो, म्हणून अन्वस्ताचंच सूत्र बरोबर.

दिशा उलटी आली असेल तर क्षेत्राची दिशा आणि बलाची दिशा एकच मानली गेली. इलेक्ट्रॉन ऋण आहे, तो क्षेत्राच्या उलट, धन पट्टीकडे जातो.

गुरुत्वाकर्षण धरायचं का? २२ सेंमी जायला ८.३ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पडणं होतं सुमारे ३ × १०⁻¹⁶ मीटर, प्रोटॉनच्या त्रिज्येपेक्षाही कमी. सोडून द्या.

प्रत्यक्ष नळीवर मोजताना

सुरक्षेची गोष्ट आधी. २००० व्होल्टचा पुरवठा जिवावर बेतू शकतो. जोडणी बदलण्याआधी पुरवठा बंद करा आणि कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा.

ॲनोड भूमीला जोडायचा आणि कॅथोड उणे २००० व्होल्टवर ठेवायचा, अशी रीत आहे. त्यामुळे पट्ट्या भूमीच्या जवळपासच्या विभवावर राहतात. पट्ट्यांचा मधला विभव ॲनोडइतकाच असायला हवा, कारण आपण v काढताना तसंच धरलं आहे. म्हणून ८० व्होल्ट द्यायचे तर एका पट्टीला +४० आणि दुसरीला −४० द्या. एक पट्टी ॲनोडला जोडून दुसरीला +८० दिलं, तर मधला विभव +४० होतो, इलेक्ट्रॉन पट्ट्यांमध्ये थोडा वेगाने जातो आणि विचलन सुमारे १ टक्क्याने घटतं. त्याच पट्टीला −८० दिलं की तितकंच वाढतं. दोन बाजूंचं विचलन असमान येत असेल तर आधी ही जोडणी तपासा.

दुसरी अडचण V शून्य असतानाच दिसते: ठिपका मध्यावर नसतोच. बहुतेकदा कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असतं. झोताला काटकोनात ४० मायक्रोटेस्ला क्षेत्र असेल तर २००० व्होल्टच्या इलेक्ट्रॉनच्या मार्गाची त्रिज्या साधारण ३.८ मीटर होते आणि २२ सेंमीच्या प्रवासात ठिपका ६ मिमीच्या वर सरकतो. आपण मोजायला निघालो आहोत १६ मिमी, तेव्हा ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. नळीची दिशा बदलली की हा सरक बदलतो, हीच त्याची ओळख. उपाय सोपा आहे: V = +८० ला ठिपक्याची जागा वाचा, जोडणी उलटी करून V = −८० ला वाचा, आणि दोन जागांमधल्या अंतराचं निम्मं घ्या. समजा ठिपके +२२.१ आणि −९.९ मिमीवर आले. अंतर ३२ मिमी, निम्मं १६. मधला ६.१ मिमीचा सरक आपोआप वजा झाला. मोजताना नळी हलवू नका, लोखंडी वस्तू आणि लाउडस्पीकरसुद्धा जवळ नकोत.

ठिपका V वाढवूनही जागचा हलत नसेल किंवा हलून परत येत असेल, तर निर्वात खराब असण्याची शक्यता आहे. उरलेल्या वायूचे आयन पट्ट्यांवर जमतात आणि क्षेत्र झाकून टाकतात. हाइनरिश हर्ट्झ यांना १८८३ मध्ये कॅथोड किरणांचं असं विचलन दिसलंच नव्हतं. थॉमसन यांनी नळीतला वायू आणखी उपसला, तेव्हा ते दिसलं.

ठिपका अंधूक ठेवा. स्थिर आणि प्रखर झोत एकाच जागी राहिला तर फॉस्फर जळून तिथे कायमचा डाग पडतो.

मोजलेलं थोडं जास्तच का येतं

एकाच V वर थांबू नका. V −१०० पासून +१०० पर्यंत २० व्होल्टच्या टप्प्यांनी बदला आणि y चा आलेख काढा. सरळ रेषा यायला हवी आणि तिचा उतार आपल्या उदाहरणात ०.२ मिमी प्रति व्होल्ट. रेषा शून्यातून गेली नाही तरी चालेल, तो चुंबकीय सरक असतो. रेषा वाकली तर मात्र Va स्थिर आहे का ते बघा, कारण पुरवठ्यावर भार पडून Va उतरलं की विचलन वाढतं.

उतार बहुधा ०.२ पेक्षा किंचित जास्त येतो. समजा ०.२१ आला. मापनाची चूक म्हणून तो सोडून देऊ नका. पट्ट्यांचं क्षेत्र कडेला एकदम संपत नाही, ते दोन्ही टोकांना थोडं बाहेर फुगतं आणि झोताला तिथेही ओढतं. पट्ट्या जणू खऱ्यापेक्षा लांब असल्यासारख्या वागतात. फुगवटा दोन्ही टोकांना सारखा धरला तर मध्य जागचा हलत नाही, म्हणून D २० सेंमीच राहतो आणि फक्त l बदलतं. ०.२१ उतारावरून l = ४.२ सेंमी येतं, म्हणजे प्रत्येक टोकाला १ मिमी जादा. अंतर d जितकं मोठं, तितकं हे वाढतं. d जर l च्या जवळपास असेल तर साध्या सूत्रावर विसंबू नये.

सापेक्षतेचा वाटा वेगळा काढता येतो. २००० व्होल्टला तो विचलन ०.२ टक्क्याने वाढवतो: १६ चे १६.०३ मिमी, पडद्यावर दिसणारही नाही. २० हजार व्होल्टला तोच सुमारे १.९ टक्के होतो, आणि तेव्हा Va च्या जागी खालची राशी घालावी लागते. यात k = e Va / (m c^2), आणि m c^2 = ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट:

```
Va_eff = Va (1 + k/2) / (1 + k)
```